मदत हवी आहे: पाऊस पडत असताना विहिरीचं पाणी खाली गेलं?

मधुरा_माहीम
मुलीचा नववीचा भूगोलाचा प्रकल्प आहे. जूनपासून दर रविवारी आवारातल्या विहिरीत दोरीला वजन बांधून पाणी किती खोल आहे ते मोजलं. सगळं नीट चाललं होतं, पण आता आलेख काढताना एका आकड्यात पाणी मध्येच खाली गेलेलं दिसतंय आणि त्याच आठवड्यात धो धो पाऊस होता. बाई विचारणारच. तो आकडा काढून टाकू का? सोमवारी वही द्यायची आहे, लवकर सांगा.

गावठी_इंजिनीअर
दोरी कसली आहे? सुती किंवा काथ्याची ओली झाली की लांबी बदलते, नायलॉनची वजनाने ताणते. बाकी काही शोधू नका, गडबड दोरीतच असणार.

भूजलवाला
थांबा हो. आधी आकडे तर बघू द्या. कोणत्या तारखेला किती, आणि कुठपासून मोजलं: जमिनीपासून, कठड्याच्या वरच्या काठापासून की जाळीपासून? दिवसातली वेळही लिहा.

सुधाकाकू
विहीर इमारतीच्या कोणत्या दिशेला आहे? ईशान्येला असेल तर पाणी टिकतं. आमच्या दादरच्या जुन्या घरची नैर्ऋत्येला होती, मे महिन्यात तळ दिसायचा.

मधुरा_माहीम
काकू, दिशेचा प्रश्न नाही हो. कठड्याच्या काठापासून मोजतो, जाळीचं दार उघडून. कठडा ८५ सेंटिमीटर उंच आहे. दोरी नायलॉनची, दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण आणि टोकाला दगड. आकडे: १८ जून ५.०५ मीटर, २५ जून ४.१५, २ जुलै ३.१०, ९ जुलै ३.८५, १६ जुलै २.४०, २३ जुलै २.०५. घोळ ९ जुलैचा.

गावठी_इंजिनीअर
म्हटलं नव्हतं! नायलॉन!

भूजलवाला
नायलॉन ताणते हे खरं, पण सगळ्या आठवड्यांना दोरी तीच आहे. एका रविवारी पाऊण मीटरने ताणून पुढच्या रविवारी परत आखडेल का? तरी तपासून घ्या. दोरी भिजवा, दगड बांधून जिन्यातून खाली सोडा आणि स्टीलच्या टेपशी पाच मीटर जुळवून बघा. जो फरक येईल तो सगळ्याच आकड्यांना कमी-जास्त प्रमाणात लागू होईल, एकट्या ९ तारखेला नाही.

मला जास्त काळजी दगडाची आहे. दगड पाण्याला टेकला की दोरी सैल पडत नाही, तो बुडतो आणि फक्त थोडा हलका लागतो. हातात ते नीट कळत नाही. टोकाला पीव्हीसी पाइपचा तळहाताएवढा तुकडा लावा, वरचं तोंड टोपणाने बंद, खालचं उघडं, आणि वजनासाठी वर दोन लोखंडी नट. पाण्याला लागला की आत अडकलेल्या हवेमुळे 'डुप्प' असा आवाज येतो. दोन-तीनदा वर-खाली करून आवाजाच्या जागी दोरी धरा.

आणि वेळ अजून सांगितली नाहीत. विहिरीवर पंप आहे का?

मधुरा_माहीम
पंप आहेच, टाकीत चढवतात. त्याचा काय संबंध? आम्ही संध्याकाळी पाचला मोजतो. फक्त ९ जुलैला दुपारी लग्नाला जायचं होतं म्हणून सकाळी सव्वादहाला मोजलं.

भूजलवाला
हेच विचारत होतो. पंप किती वाजता चालतो?

मधुरा_माहीम
वॉचमन म्हणतो, रोज आठ ते दहा.

भूजलवाला
म्हणजे पंप बंद होऊन पंधरा मिनिटं झाली आणि तुम्ही दोरी सोडली. तो आकडा पंपाने खेचलेल्या पाण्याचा, पावसाचा नाही. शनिवारी एक काम करा. पंप सुरू व्हायच्या आधी मोजा, बंद झाल्या झाल्या मोजा, मग एका तासाने आणि चार तासांनी.

लाटांचा_राजा
समुद्राकडे कुणी बघतच नाही! माहीमची विहीर म्हणजे भरती-ओहोटी आलीच. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत जवळपास सहा तास. म्हणजे एका रविवारी पाचला भरती असेल तर पुढच्या रविवारी पाचला ओहोटी.

गावठी_इंजिनीअर
समुद्र विहिरीत शिरला तर पाणी खारट नसतं का लागलं? चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, समुद्रापासून इतकी जवळ आणि पाणी गोड.

लाटांचा_राजा
खारं पाणी आत यायची गरज नाही. समुद्राची पातळी वर गेली की जमिनीतल्या गोड्या पाण्यालाही मागून दाब येतो. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसा परिणाम विरत जातो.

भूजलवाला
मुद्दा चांगला आहे, पण तसं असतं तर एकाआड एक आठवडा आकडा वर-खाली झाला असता. इथे एकच पडलाय. काही सेंटिमीटरचा परिणाम मात्र या आकड्यांत लपलेला असू शकतो. पंप बंद असेल अशा दिवशी भरतीला आणि ओहोटीला एकेकदा मोजलं तरच कळेल.

सुधाकाकू
जाळीचं दार उघडं ठेवू नका बाई, मलेरियाचे डास होतात. आमच्याकडे पालिकेचे लोक गप्पी मासे सोडून जायचे. आणि मुलीला एकटीला वाकू देऊ नका.

मधुरा_माहीम
आज मोजलं, पाइपचा तुकडा लावून. आवाज खरंच येतो. पंपाआधी १.६२, बंद झाल्यावर लगेच २.७०, तासाने २.०५, दोनला १.६६.

भूजलवाला
बघा आता. दोन तास पंपाने पाणी १ मीटर ८ सेंटिमीटर उतरलं आणि चार तासांत जवळपास पूर्ण भरून आलं. म्हणून संध्याकाळी पाचचे आकडे बिनधास्त वापरा. २ जुलैचा ३.१० आणि १६ जुलैचा २.४० यांच्या मधोमध म्हणजे २.७५. त्यात १.०८ मिळवले की ३.८३. तुमचा ९ जुलैचा आकडा ३.८५.

तरी हा पक्का पुरावा नाही. जुलैत पाणी खोल होतं, तेव्हा झरे आजच्याइतक्या वेगाने विहीर भरत असतील असं नाही, आणि पाणी सरळ रेषेत चढतं असंही नाही. म्हणून आकडा खोडू नका आणि सुधारूही नका. आलेखात तो बिंदू पोकळ गोल दाखवा, रेषा त्याच्यातून नेऊ नका आणि खाली लिहा: 'सकाळी, पंपानंतर'. शनिवारच्या चार आकड्यांचा छोटा तक्ता शेजारी लावा.

मधुरा_माहीम
आणि आलेख उलटा दिसतोय. पाणी वर आलं की रेषा खाली जाते.

भूजलवाला
उभ्या अक्षावर शून्य वर ठेवा आणि खोली खाली वाढत जाऊ द्या. आधी प्रत्येक आकड्यातून कठड्याचे ०.८५ वजा करा, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळेल. आजचं पाणी जमिनीखाली ०.७७ मीटरवर आहे. पावसाचे आकडे कुठून घेतलेत?

मधुरा_माहीम
पेपरातले, सांताक्रूझचे.

भूजलवाला
चालतील, पण ते सकाळी साडेआठ ते साडेआठ असे २४ तासांचे असतात. रविवारी दिवसा पडलेला पाऊस सोमवारच्या आकड्यात येतो, तेव्हा आठवड्याची बेरीज करताना सांभाळा. शिवाय सांताक्रूझला कोसळला तेव्हा माहीमला तितकाच पडला असेल असं नाही.

लाटांचा_राजा
भरतीचं मोजणार का मग? उद्या पंप बंद ठेवायला सांगा वॉचमनला.

मधुरा_माहीम
रविवारी पंप बंद ठेवला तर अख्खी इमारत माझ्या दारात येईल.

गावठी_इंजिनीअर
दोरी भिजवून टेपशी जुळवली का? ते अजून कुणी सांगितलं नाही.