आबांना स्मार्टफोन सेट करून देतेय, फसवणुकीच्या कॉल्सचं काय करू? सल्ला हवाय

मधली_सुट्टी
नमस्कार, मी १६ वर्षांची आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या आबांचा बटणांचा फोन बंद पडला म्हणून बाबांनी त्यांना अँड्रॉइड आणून दिला आणि सेट करायचं काम माझ्याकडे आलं. अक्षरं मोठी केली, नको ते अ‍ॅप काढून टाकले, होम स्क्रीनवर आमच्या पाच जणांचे फोटो ठेवले, फोटोवर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. इथपर्यंत मस्त जमलं, आबा स्वतःहून आत्याला फोन करायला लागले.

मग मागच्या मंगळवारी मी घरी आले तर आबा पलंगावर बसलेले, फोन कानाला, मांडीवर वही आणि ते काहीतरी लिहून घेतायत. पलीकडचा माणूस सांगत होता की तुमचा नंबर आज रात्री बंद होणार, चालू ठेवायचा तर मी सांगतो ते डायल करा. वहीत आबांनी त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं `**21*`, त्यापुढे एक मोबाईल नंबर आणि शेवटी `#`. मी फोन घेतला आणि कट केला. २२ मिनिटं चालला होता कॉल. आबा माझ्यावर चिडले, अगं तो एवढा नीट बोलत होता, असा मधेच फोन ठेवतात का. नंतर मी समजावलं तेव्हा गप्पच झाले, रात्री जेवतानाही बोलले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

तर तो कोड कसला होता? आणि अनोळखी कॉल बंदच करून टाकू का? आणि त्यांना हे सगळं कसं शिकवू म्हणजे त्यांना असं वाटणार नाही की नातीला आपल्यावर लक्ष ठेवावं लागतंय?

कोरा_कागद
सोप्पंय. फोन अ‍ॅप उघड, Settings मध्ये जा, Blocked numbers मध्ये Unknown असं एक बटण आहे ते चालू कर. अनोळखी कॉल येणारच नाहीत, विषय संपला. मी माझ्या सासऱ्यांच्या फोनवर तेच केलंय.

पत्रपेटी
म्हाताऱ्या माणसांना मोठ्या स्क्रीनचा घ्या, निदान साडेसहा इंच, आणि बॅटरी दोन दिवस चालणारी बघा. कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका.

मधली_सुट्टी
@पत्रपेटी काका, फोन घेऊन झालाय, प्रश्न कॉल्सचा आहे. @कोरा_कागद दादा, ते बटण मी पहिल्याच दिवशी चालू केलंय, तरी हा कॉल आला.

जुना_लाईनमन
बाळा, ते येणारच. त्या बटणातलं Unknown म्हणजे ज्या कॉलचा नंबर दिसतच नाही तो, नंबर लपवून केलेला. आबांच्या यादीत नसलेला पण नंबर दिसणारा कॉल त्याच्या लेखी अनोळखी नाहीच. नावावरून सगळ्यांचाच गोंधळ होतो.

आधी तुझा कोड. माझी सगळी नोकरी टेलिफोनमध्ये गेली. `**21*` म्हणजे या फोनवर येणारे सगळे कॉल पुढच्या नंबरवर वळव. आबांनी डायल केलं असतं तर त्यांचा फोन वाजलाच नसता, त्यांना येणारा प्रत्येक कॉल त्या माणसाकडे गेला असता. आता बघ, बरेच ठिकाणी ओटीपी मेसेजने न मागवता फोन करून ऐकता येतो, ती सोय असते. तो ओटीपी मग त्याच्या कानात. आणि तुम्ही घरचे आबांना फोन करणार तर उचलणार तो.

डायल झालं होतं की नाही हे बघायचं असेल तर आबांच्या फोनवर हे लाव:

```
*#21#
```

स्क्रीनवर उत्तर येतं, फॉरवर्डिंग चालू आहे की नाही. चालू दिसलं तर `##21#` लावलं की बंद. `##002#` ने सगळ्या प्रकारचं फॉरवर्डिंग एकदम जातं, पण कोणी व्हॉइसमेल वापरत असेल तर तेही त्यात जातं, म्हणून मी आधी पहिलंच सांगतो. बहुतेक नेटवर्कवर हे चालतं, नाहीच चाललं तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये Call forwarding असतं तिथे बघ.

मधली_सुट्टी
काका लगेच बघितलं!! फॉरवर्ड नाहीये. शेवटचा `#` दाबायचा राहिला होता बहुतेक. माझे हात थरथरत होते खरंच.

जुना_लाईनमन
बरं झालं. आता कॉल अडवण्याचं. तुला हवंय ते Do Not Disturb मध्ये मिळेल. तिथे कॉल्समध्ये फक्त Contacts ना परवानगी दे आणि ते कायम चालू ठेव. बाकीच्यांचा फोन वाजणार नाही, मिस्ड कॉलमध्ये दिसेल, संध्याकाळी तू बघू शकतेस. प्रत्येक कंपनीच्या फोनवर मेनू जरा वेगळा असतो पण शोधलंस की सापडेल. तिथेच repeat callers नावाची एक सूट असते, ती बंद कर. ती चालू असली की त्याच नंबरावरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजू देतात, काहीतरी तातडीचं असेल म्हणून, आणि हे लोक तर लागोपाठ चार वेळा करतात.

व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल वेगळे धरायचे हं, त्याच्या Privacy मध्ये Calls मध्ये Silence unknown callers आहे, तेही चालू कर.

विभावरी_
थांबा थांबा, हे करण्याआधी माझं ऐका. मी आईच्या फोनवर अगदी हेच केलं होतं. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख बदलल्याचा हॉस्पिटलचा फोन आला तो वाजलाच नाही, आम्ही ठरल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिला घेऊन पोचलो आणि परत आलो. हॉस्पिटलचा नंबर सेव्ह होता हो, पण त्यांचे फोन दर वेळी वेगळ्या नंबरावरून येतात, मागचे दोन आकडे बदलतात. मी दुसऱ्या दिवशी सगळं काढून टाकलं.

कोरा_कागद
मग हॉस्पिटल, बँक सगळ्यांचे नंबर सेव्ह करून ठेवायचे ना, नाव दिसलं की उचलायचं, नाही दिसलं की नाही उचलायचं.

जुना_लाईनमन
कागदराव, हॉस्पिटलचा करा, बँकेचा नको. स्क्रीनवर जो नंबर दिसतो तो फोन करणाऱ्याच्या बाजूने आलेला असतो, आणि तिथे खोटा नंबर घालता येतो. त्याने बँकेचाच नंबर घातला तर तुमच्या फोनवर तुम्हीच सेव्ह केलेलं नाव झळकणार, बँक म्हणून. माणूस आणखीनच विश्वास ठेवतो. आणि Contacts ना परवानगी दिलेली असेल तर तो वाजणारही.

विभावरीताईंचं म्हणणं रास्त आहे, त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी माझ्या घरी इलाज असा केलाय की दवाखान्यात बायकोच्या फाईलवर मुलीचा नंबर दुसरा म्हणून लिहून ठेवलाय.

शमा
मधली_सुट्टी, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. आबा म्हणाले ना की असा मधेच फोन ठेवतात का? माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. त्या पिढीला बोलणाऱ्याचं ऐकून न घेता फोन ठेवणं म्हणजे दारात आलेल्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं वाटतं. या लोकांना तेवढंच पुरतं, माणूस लाईनवर राहिला की झालं. म्हणून फसवणुकीचे दहा प्रकार पाठ करून घेऊ नकोस, अकरावा येतोच. त्यांना ठेवता येईल असं एक वाक्य दे. माझे वडील म्हणायचे, "मी घरी विचारून तुम्हाला फोन करतो", आणि ठेवायचे. उद्धटपणा नाही आणि खोटंही नाही. मग खरंच फोन करायचा, पण समोरच्याने दिलेल्या नंबरावर नाही, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या.

आणि सराव घे. नुसतं सांगून होत नाही, मी सांगून दमले होते.

मधली_सुट्टी
शमाताई खूप खूप थँक्यू, तुमचं वाचून मी आबांशी पहिल्यांदा नीट बोलले. विचारलं की त्या दिवशी तुम्हाला शंका आली होती का. ते म्हणाले आली होती, पाचव्या मिनिटालाच आली होती, पण ठेवायला जागाच मिळेना, तो श्वासच घेत नव्हता. आणि दुसरं एक कळलं जे माझ्या डोक्यातच आलं नसतं. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, कानापासून काढल्यावर उजळायला क्षणभर लागतो आणि मग ते लाल बटण शोधायचं, तोवर पलीकडून हॅलो हॅलो ऐकू येतं की आबा परत कानाला लावतात, परत काळी. म्हणजे त्यांना कट करताच येत नव्हतं!! मग सेटिंगमध्ये Accessibility मध्ये Power button ends call सापडलं. आता कडेचं बटण दाबलं की कॉल बंद, बघायलाच लागत नाही. त्या बटणावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय.

सरावासाठी मैत्रिणीचा फोन आणला, तो नंबर आबांकडे नाहीये. आतल्या खोलीतून मी बँकवाली झाले. पहिल्यांदा आबा हसायलाच लागले. दुसऱ्यांदा वाक्य बरोबर म्हणाले पण माझं उत्तर ऐकत बसले. तिसऱ्यांदा म्हणाले आणि ठक्कन बटण दाबलं. चौथ्यांदा मी मुद्दाम म्हटलं, "काका प्लीज ठेवू नका, माझी नोकरी जाईल", तर विरघळले, म्हणाले बरं सांग बाळ. तिथे अजून अडतंय.

शमा
तेच सगळ्यात अवघड असतं. धाक दाखवणाऱ्याचा फोन ते ठेवतील, गयावया करणाऱ्याचा नाही. त्यावर चिडू नकोस आणि रोज सरावही नको, चार-पाच दिवसांनी न सांगता एक कॉल कर.

विभावरी_
आणि घरच्यांचा एक खुणेचा शब्द ठरवा गं. माझ्या आईला "आई मी बोलतोय, नंबर बदललाय, अडचणीत आहे" असा फोन आला होता, आवाज भावासारखाच वाटला म्हणाली. तो शब्द विचारला आणि फोन कट झाला.

मधली_सुट्टी
शब्द ठरला, आबांनीच सुचवला, त्यांच्या लहानपणच्या बैलाचं नाव. Do Not Disturb चं आबांनाच विचारलं, ते म्हणाले रात्री आठ ते सकाळी आठ लाव, दिवसा मला वाजू दे, मी बघतो. बाबांना ते पटलेलं नाही, त्यांना दिवसभर हवंय. तूर्त आबांचं ऐकलंय, आणि बाबांचा नंबर दवाखान्याच्या फाईलवर लिहिलाय.

काल दुपारी खराखुरा एक आला. मी बाजूलाच अभ्यास करत होते, मुद्दाम मान वर केली नाही. आबा म्हणाले, "मी नातीला विचारून तुम्हाला फोन करतो", आणि ठिपका दाबला. मग वही काढून तारीख आणि वेळ लिहिली, पुढे लिहिलं, ४० सेकंद.