विषय: जुनी युनिट्स विकली, तरी २०.८ टक्के कर कसा कापला?

मीनल, २६ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

भारतातल्या एका इक्विटी फंडातली २,००० युनिट्स मी २० जानेवारीला ८० रुपये भावाने विकली. माझ्या एक्सेलमध्ये तीन खरेद्या आहेत: १२ जून २०२३ ला १,००० युनिट्स ५० रुपयांनी, ११ मार्च २०२४ ला १,००० युनिट्स ६४ नी, आणि १० फेब्रुवारी २०२५ ला ८०० युनिट्स ६२.५० नी. गेल्या ऑगस्टमध्ये घराच्या छपराचं काम निघालं तेव्हा ७६ च्या भावाने ४०० युनिट्स विकली होती. ती मी फेब्रुवारीच्या ओळीतून वजा केली, कारण जुन्यांना हात लावायचा नव्हता.

म्हणजे आता पहिल्या दोन ओळींतली २,००० युनिट्स विकली, सगळी वर्षाहून जुनी. तरी स्टेटमेंटमध्ये ४०० युनिट्स शॉर्ट टर्म दाखवून त्यावर १,४५६ रुपये टीडीएस कापलाय. फंडाकडून चूक झाली असेल का? एकदा ईमेल केला, उत्तर आलं नाही.

मीनल

शिरीष, २६ जानेवारी, रात्री १०:१५

मीनल, ओळी कुठल्या हा प्रश्नच नाही. सगळ्या खरेद्यांची सरासरी किंमत काढायची आणि तिच्यावर नफा मोजायचा. मी इथल्या, ब्रिटनच्या रिटर्नमध्ये पंधरा वर्षं हेच करतोय. तुझी सरासरी साधारण ५८.५७ येते. २,००० युनिट्सवर नफा ४२,८५७ रुपये. फंडवाल्यांना सांग.

शिरीषकाका

उज्ज्वला, २७ जानेवारी, सकाळी ७:०५

काका, सरासरी इथली. भारतात ती चालत नाही, आणि फंडवाल्यांना सांगून काही होणार नाही, कारण त्यांनी बरोबर केलंय.

मीनल, घोळ ऑगस्टच्या ४०० युनिट्सचा आहे. तू ती फेब्रुवारीच्या ओळीतून काढलीस, पण कुठल्या ओळीतून जायची हे विकणारा ठरवत नाही. अर्जात फक्त किती युनिट्स किंवा किती रुपये एवढंच विचारतात. फोलिओत जे आधी आलं ते आधी जातं. म्हणून ऑगस्टमध्ये जून २०२३ च्या १,००० मधली ४०० गेली आणि तिथे ६०० उरली. जानेवारीत ती ६००, मग मार्च २०२४ ची १,०००, आणि २,००० पुरे करायला फेब्रुवारी २०२५ ची ४००. ही शेवटची बारा महिन्यांना तीन आठवडे कमी असताना गेली.

आता नफा बघ. ६०० वर प्रत्येकी ३० रुपये म्हणजे १८,०००, आणि १,००० वर १६ म्हणजे १६,०००. हा ३४,००० लाँग टर्म. ४०० वर १७.५० म्हणजे ७,००० शॉर्ट टर्म. त्यावर २० टक्के १,४००, वर ४ टक्के सेस ५६. तुझे १,४५६ पैशापर्यंत जुळतात.

ताळा ऑगस्टच्या टीडीएसवर करता येतो. लाँग टर्मवर साडेबारा टक्के आणि सेस मिळून १३ पडतात, शॉर्ट टर्मवर २०.८. ऑगस्टचा नफा १०,४०० होता. तेव्हा १,३५२ कापले असतील तर तो १३ टक्के, म्हणजे तेव्हाच त्यांनी जुनी युनिट्स काढली होती.

उज्ज्वला

(पुण्यात सीएच्या ऑफिसात बारा वर्षं काढली आहेत, म्हणून सवय. तरी रिटर्न भरायच्या आधी आपल्या माणसाला दाखव.)

मीनल, २७ जानेवारी, दुपारी १२:३०

१,३५२ च कापले होते! मी तेव्हा बघितलंच नव्हतं, पैसे थेट छपरावर गेले.

दोन प्रश्न. एक, ३४,००० वर ४,४२० कापलेत, पण सव्वा लाखापर्यंत लाँग टर्म नफा माफ असतो ना? दोन, माझं भारतात दुसरं काही उत्पन्न नाही, म्हणजे कर लागायच्या मर्यादेच्या खूपच खाली. मग १,४५६ पण परत मिळतील?

प्रशांत, २७ जानेवारी, दुपारी १:१०

हा माझाच प्रश्न आहे. माझ्याकडे एकाच स्कीमचे दोन फोलिओ आहेत, एक २०१९ चा आणि एक गेल्या वर्षीचा. नवा तोट्यात आहे आणि मला तोच विकायचाय. मला पण सरासरी लावावी लागेल का?

उज्ज्वला, २७ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

मीनल, पहिल्याचं उत्तर हो. वर्षाचा लाँग टर्म नफा ३४,००० अधिक ऑगस्टचे १०,४००, म्हणजे ४४,४००. सव्वा लाखाच्या आत आहे, त्यावर कर शून्य. कापताना तुझा वर्षभराचा हिशेब धरलेला नाही, म्हणून ४,४२० आणि १,३५२ रिटर्न भरूनच परत मागावे लागतील. ऑगस्टची विक्री फंडाच्या स्टेटमेंटप्रमाणे लाँग टर्ममध्ये लिही, तुझ्या एक्सेलप्रमाणे शॉर्ट टर्ममध्ये नको.

दुसऱ्याचं उत्तर नाही. उत्पन्न कमी असेल तर उरलेल्या मर्यादेत असा नफा बसवायची सोय भारतात राहणाऱ्यांना आहे, आपल्याला नाही. इक्विटीच्या शॉर्ट टर्मवर पहिल्या रुपयापासून २० टक्के. ते १,४५६ गेले. २० तारखेला १,६०० च विकली असतीस आणि उरलेली ४०० फेब्रुवारीच्या ११ ला, तर तेही वाचले असते. रुपयांत रक्कम न लिहिता युनिट्सचा आकडा लिहिला की हे बरोबर साधतं. रकमेचा अर्ज केला की त्या दिवसाचा भाव ठरवतो किती युनिट्स जाणार, आणि दोन-चार युनिट्स पुढच्या ओळीत घुसतात.

प्रशांत, तुझं वेगळं आहे. पहिलं आलं ते पहिलं जातं हे प्रत्येक फोलिओत स्वतंत्र चालतं. नव्या फोलिओतून विकलंस तर फंड नवीच युनिट्स काढेल.

प्रशांत, २७ जानेवारी, रात्री ८:२०

पण माझा सीए म्हणतो दोन्ही फोलिओ एकत्र धरून सगळ्यात जुनी आधी. त्याने ठामपणे सांगितलंय.

उज्ज्वला, २७ जानेवारी, रात्री ९:००

कायद्यात आधी-येई-आधी-जाई स्पष्ट लिहिलंय ते डीमॅटमधल्या युनिट्ससाठी, आणि तिथेही खात्यागणिक. कागदी फोलिओत ती सगळ्यांची वहिवाट आहे. तुझे फोलिओ डीमॅटमध्ये नसतील तर तुझ्या सीएला विचार की स्टेटमेंट एक सांगत असताना रिटर्नमध्ये दुसरं का लिहायचं. तो काय म्हणतो ते मलाही ऐकायचंय.

शिरीष, २८ जानेवारी, सकाळी ८:३०

उज्ज्वला, मान्य. पण मीनलला इथल्या रिटर्नमध्येही हे दाखवावं लागेलच, आणि इथे सरासरीच लागेल. भारताचा नफा ४१,०००, इथला ४२,८५७. तोही रुपयांत, पाउंडात आणखी वेगळा, कारण प्रत्येक खरेदीला त्या दिवसाचा दर धरायचा. शिवाय असल्या परदेशी फंडांचा नफा इथे बहुधा उत्पन्न म्हणून धरला जातो. मी धरतो. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण परत मिळणाऱ्या ४,४२० ची नाही, ती मागू नकोस.

मीनल, २८ जानेवारी, रात्री १०:०५

एक्सेल मोडून पुन्हा केलं. आता वजाबाकी वरून खाली. उरलेली ४०० युनिट्स फेब्रुवारी २०२५ चीच आहेत, त्यांना ११ तारखेपर्यंत हात लावत नाही.

काका, पाउंडाच्या दरासाठी तुम्ही कुठला तक्ता वापरता? महिन्याचा सरासरी दर की त्या दिवसाचा? जून २०२३ ला माझ्याकडे बँकेची नोंद आहे, मार्चची सापडत नाही.