पुसट सूचनेचा फोटो: ओसीआर करायचा की चित्र नव्याने बनवून घ्यायचं?

नवखा_वाचक: छापील सूचनेचा मोबाइलवर काढलेला, जरा हललेला फोटो आहे. मजकूर टाइप केलेला हवा. ओसीआर अर्धवट वाचतो. मित्र म्हणतो, एआयकडून तेच चित्र स्वच्छ बनवून घे आणि मग वाच. करू का?

अक्षरजुळणी: अजिबात नको. ते तुमचा फोटो बघून काढलेलं दुसरंच चित्र असेल. जिथे अक्षर दिसत नाही तिथे ते शोभेल असं अक्षर भरतं. मी एका वेळापत्रकावर करून पाहिलंय. तारखेतला शेवटचा अंक १ की ९, कळत नव्हतं. नव्या चित्रात ठळक, सुबक ‘११’ आलं. मूळ कागदावर १९ होतं. ओसीआरने तिथे ‘१)’ असा कचरा दिला होता, म्हणून निदान नजर तरी थांबली.

पानोपानी: ओसीआर तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? टेसरॅक्टही आता आजूबाजूची अक्षरं बघून अंदाज बांधतो. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ रोज होतो. आणि फोटो मोठा करणं हीसुद्धा चित्रात ढवळाढवळच.

अक्षरजुळणी: अंदाजाचं मान्य. मोठं करण्याचं नाही. त्यात शेजारच्या ठिपक्यांवरून मधले ठिपके काढतात, कुठलं अक्षर आणून बसवत नाहीत. शिवाय ओसीआर कुठे अडखळला ते विचारता येतं:

```
magick notice.jpg -colorspace Gray -resize 200% n.png
tesseract n.png out -l mar --psm 6 tsv
```

`out.tsv` मध्ये प्रत्येक शब्दापुढे `conf` असतो, १०० पैकी. कमी आकड्याचे शब्द मूळ फोटोशी ताडून बघा. नव्याने काढलेल्या चित्रात सगळीच अक्षरं सारखीच ठाम दिसतात, मग शंका घ्यायची कुठे?

जुना_फलक: मलाही हेच हवंय. जुन्या फलकाचा फोटो पुन्हा छापायचाय, अक्षरं तुटलीत.

अक्षरजुळणी: तुमचं काम वेगळं आहे, तुम्हाला चित्रच हवंय. पार्श्वभूमी खुशाल नव्याने बनवा. मजकूर मात्र वाचून, तपासून फॉन्टमध्ये वर बसवा.

नवखा_वाचक: करून बघितलं. सात शब्द कमी `conf` चे निघाले, पाच सुधारले. पण एका क्रमांकात ३ चा २ झालाय आणि त्याचा `conf` ९१!

अक्षरजुळणी: होतं तसं. चुकलेला शब्द बहुधा अर्थावरून कळतो, आकड्याला तो आधार नसतो. म्हणून आकडे सगळेच ताडायचे, `conf` कितीही असो. उरलेल्या दोन शब्दांच्या जागी ‘[अवाच्य]’ लिहा आणि जमलं तर सूचनेचा पुन्हा फोटो काढा, मोबाइल टेकवून, कागदाच्या बरोबर समोरून.

पानोपानी: त्याच कागदाचे चार-पाच फोटो जुळवून एक केलेला असेल, तर ते चित्र मी वाचायला घेईन. त्यात खरी माहिती वाढते.

अक्षरजुळणी: नुसती सरासरी काढली असेल तर घ्या. मोबाइल स्वतःहून त्यात काय मिसळतो हे दिसत नाही, माझी अडचण तिथेच आहे.