मदत हवी आहे: आईचं एलडीएच ३८६०, हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नाहीच, पण कूम्ब्स निगेटिव्ह. रक्त नेमकं कुठे फुटतंय?

कृष्णाकाठ

आई ६१ वर्षांची, सांगलीजवळ गावी राहते. दोनेक महिन्यांपासून जिना चढताना धाप लागत होती, चेहरा पिवळसर दिसायला लागला. गावातल्या लोकांनी कावीळ म्हणून सोडून दिलं. शेवटी तालुक्याला नेऊन रक्त तपासलं आणि आम्ही हादरलोच. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणी ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणाले, "हिमोलिसिस दिसतंय, तांबड्या पेशी फुटताहेत. कारण शोधावं लागेल."

रिपोर्ट असे आहेत. हिमोग्लोबिन ५.४, हिमॅटोक्रिट १६, एमसीव्ही १२१. पांढऱ्या पेशी ३१००, प्लेटलेट ७१ हजार. एकूण बिलिरुबिन २.९, त्यातलं इनडायरेक्ट २.३. एसजीपीटी नॉर्मल. एलडीएच ३८६० (त्यांची वरची मर्यादा २५०). फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पकडणारं हॅप्टोग्लोबिन १० पेक्षा कमी (त्यांच्याकडे ३० ते २००). प्लाझ्मातलं फ्री हिमोग्लोबिन ३८, ते ५ च्या आत हवं असं छापलंय. तांबड्या पेशींवर अँटिबॉडी चिकटल्यात का ते बघणारी डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह. रेटिक, म्हणजे नव्या तांबड्या पेशी, १.६ टक्के, त्यापुढे "नॉर्मल" लिहिलंय. लघवीत रक्त नाही, रंगही नेहमीचा.

माझा प्रश्न असा, की चारही आकडे पेशी फुटल्याचं सांगताहेत तर मग कूम्ब्स निगेटिव्ह कसं? आणि पुढे काय तपासायला सांगू? मी पुण्यात आहे, डॉक्टर राउंडला दोनच मिनिटं भेटतात. नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून इथे लिहितेय.

आबासाहेब_वाई

ताई, आमच्याकडे काविळीवर झाडपाल्याचं औषध देणारे एक आजोबा आहेत, सकाळी अनशापोटी घ्यायचं. पत्ता हवा असल्यास सांगा. तेलकट बंद करा आणि उसाचा रस द्या.

कृष्णाकाठ

आबासाहेब, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतंय. पण तिचं लिव्हर ठीक आहे, पिवळेपणा रक्तामुळे आहे. हिमोग्लोबिन ५.४ असताना मी दुसरं काही देणार नाही.

मेघना_आर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आयसीयूमध्ये काम केलंय. हे वाचून मला काळजी वाटतेय. प्लेटलेट कमी, एलडीएच प्रचंड, कूम्ब्स निगेटिव्ह, हे टीटीपी असू शकतं. त्यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्यांतून जाताना तांबड्या पेशी कापल्या जातात. प्लाझ्मा बदलावा लागतो आणि उशीर जिवावर बेतू शकतो. स्मिअरमध्ये तुटक्या पेशी दिसल्या का, हे आजच विचारा.

सह्यकडा

माझ्या भावाचं असंच झालं होतं. मलेरिया झाला, व्हायवॅक्स. प्रायमाक्विन सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत लघवी कोलासारखी काळपट. पट्टीवर रक्त भरपूर, पण मायक्रोस्कोपखाली एकही तांबडी पेशी नाही. जी-सिक्स-पीडी तपासलं ते नॉर्मल आलं, म्हणून सगळे गोंधळले. तीन महिन्यांनी परत केलं तेव्हा कमी निघालं. त्या वेळी जुन्या पेशी फुटून गेल्या होत्या आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, म्हणून आधी चुकीचं नॉर्मल आलं असं सांगितलं. तुमच्या आईला नवीन गोळी कुठली सुरू केली होती का? जी-सिक्स-पीडी करून घ्या.

लॅबवाला_नाना

मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. कृष्णाकाठताई, फ्री हिमोग्लोबिनच्या रिपोर्टखाली बारीक अक्षरात काही लिहिलंय का बघा. सॅम्पल कसं घेतलं हे कळल्याशिवाय या एका आकड्यावर विसंबू नका.

कृष्णाकाठ

नाना, होय! "सॅम्पल स्लाइटली हिमोलाइज्ड" असं लिहिलंय. मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आईची शीर सापडत नव्हती, दोनदा टोचलं आणि हाताला पट्टा बराच वेळ बांधून ठेवला होता असं भाऊ म्हणाला.

लॅबवाला_नाना

मग ३८ हा आकडा सध्या बाजूला ठेवा. बारीक सुई, घट्ट पट्टा, जोरात ओढलेली सिरिंज, हलवलेली ट्यूब, यातल्या कशानेही पेशी ट्यूबमध्येच फुटतात. मग फ्री हिमोग्लोबिन वाढतं, एलडीएच वाढतं, पोटॅशियमसुद्धा वाढतं. ही फूट आईच्या अंगात झालेलीच नसते.

पण बिलिरुबिनचं तसं नाही. हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन करायला प्लीहा आणि लिव्हरमधल्या पेशी लागतात, ते काचेच्या ट्यूबमध्ये होत नाही. म्हणून २.३ इनडायरेक्ट सॅम्पलच्या चुकीने आलेलं नाही. हॅप्टोग्लोबिन १० च्या खाली जाणं हेही निव्वळ सॅम्पलच्या चुकीने सहसा होत नाही. म्हणजे अंगात पेशी फुटताहेत हे खरं. किती आणि कुठे, ते नव्या सॅम्पलने कळेल. जाड सुईने, पट्टा सैल करून, ओढाताण न करता घ्यायला सांगा आणि ट्यूब लगेच लॅबला पोचवा. एलडीएच आणि फ्री हिमोग्लोबिन दोन्ही परत करा.

प्राजक्त_डॉ

मी मेडिसिनमध्ये आहे, रक्तविकारांचे रुग्ण रोज बघते. नानांच्या सांगण्याला माझा पूर्ण पाठिंबा. मला या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त खटकतोय तो "नॉर्मल" म्हणून सोडून दिलेला रेटिक.

पेशी रक्तात फुटत असल्या की अस्थिमज्जा दुप्पट-तिप्पट वेगाने नव्या पाठवते आणि रेटिक चढतो. सह्यकडा, तुमच्या भावाचा नक्कीच चढला असेल. इथे हिमॅटोक्रिट १६ आहे, म्हणून १.६ ला १६ भागिले ४५ ने गुणा. उत्तर ०.५७ येतं. एवढ्या ॲनिमियात हे अगदीच थोडं आहे. म्हणजे कारखाना माल पाठवतच नाहीये. त्यात एमसीव्ही १२१, आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही कमी. मला बी-१२ ची मोठी कमतरता वाटतेय.

त्यात अस्थिमज्जेत पेशी भरपूर तयार व्हायला लागतात, पण नीट वाढत नाहीत आणि बाहेर येण्याआधीच मरतात. भाकरी थापतानाच मोडावी आणि तव्यापर्यंत पोचूच नये, तसं. त्या मरणाऱ्या पेशींतलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिनला संपवतं आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढवतं. त्या कच्च्या पेशींमध्ये एलडीएच ठासून भरलेलं असतं. म्हणून काही हजारांतला आकडा दिसला की मी आधी हेच बघते. कूम्ब्स निगेटिव्ह असण्याचं कोडंही सुटतं, कारण तांबड्या पेशींवर अँटिबॉडी चिकटलेलीच नाही. आणि रक्तवाहिन्यांत फूट जवळजवळ नसल्यामुळे लघवी स्वच्छ.

मेघना, तुमची शंका योग्य होती. बी-१२ च्या कमतरतेत स्मिअरमध्ये तुटक्या पेशी दिसू शकतात, प्लेटलेट कमी असतात, आणि टीटीपी समजून प्लाझ्मा बदलल्याच्या घटना घडल्या आहेत. फरक रेटिकमध्ये दिसतो. टीटीपीत तो वाढलेला असतो, आणि एलडीएच सहसा एवढं चढत नाही. तरी शंका उरली तर ॲडॅम्टीएस-१३ ही टीटीपीची तपासणी पाठवून ठेवावी. आई बोलण्यात गोंधळतेय का, ताप आहे का, हेही बघावं लागेल.

कृष्णाकाठ, चार गोष्टी विचारा. आईचं खाणं काय? डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेते का? पायांना मुंग्या येतात का? आणि स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा खंड दिसले का? बी-१२ चं रक्त इंजेक्शनच्या आधी घ्यायला सांगा. नुसतं फॉलिक ॲसिड देऊन सोडू नका, रक्त थोडं सुधारेल पण नसांचं नुकसान पुढे जाईल.

कृष्णाकाठ

डॉक्टर, आई माळकरी आहे. दूध पचत नाही म्हणून चहाही कोराच पिते. मेटफॉर्मिन आठ-नऊ वर्षं चालू आहे. पायाला मुंग्या येतात, पण ती "वयाचं आहे" म्हणते. ताप नाही, गोंधळही नाही. हे सगळं मी डॉक्टरांना सांगते.

मेघना_आर

रेटिककडे मी पाहिलंच नव्हतं. कमी प्लेटलेट आणि एलडीएच पाहून मी थेट पुढे गेले. पण एक विचारते, दोन्ही एकत्र असू शकतं ना? बी-१२ कमी आणि शिवाय रक्तातही फूट?

प्राजक्त_डॉ

असू शकतं. म्हणूनच इंजेक्शननंतर आकडे कसे उतरतात ते बघायचं. सगळं बी-१२ मुळे असेल तर एलडीएच काही दिवसांत झपाट्याने खाली येतं आणि रेटिक साधारण पाचव्या ते सातव्या दिवसाला उसळतो. त्या दिवसांत पोटॅशियम नक्की तपासा, नव्या पेशी ते ओढून घेतात आणि ते धोकादायक पातळीवर घसरू शकतं.

कृष्णाकाठ

अपडेट. नव्या सॅम्पलमध्ये फ्री हिमोग्लोबिन ७, एलडीएच ३६१०. बी-१२ आलं ८३. स्मिअरमध्ये मोठ्या अंडाकृती तांबड्या पेशी आणि सहा खंडांच्या पांढऱ्या पेशी दिसल्या, तुटक्या अगदी थोड्या. धाप कमी असल्याने डॉक्टरांनी रक्त चढवलं नाही, १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरू केली.

लॅबवाला_नाना

बघा, फ्री हिमोग्लोबिन ३८ वरून ७ वर आलं, ती फूट बहुतेक ट्यूबमधली होती. एलडीएच मात्र थोडंच उतरलं, म्हणजे ते खरोखर आईचं होतं.

कृष्णाकाठ

इंजेक्शनं सुरू झाल्यावर सहाव्या दिवसाचे आकडे: रेटिक ११, एलडीएच १२४०, इनडायरेक्ट बिलिरुबिन १.१, प्लेटलेट १ लाख ४० हजार. पोटॅशियम ३.२ झालं, त्यासाठी औषध चालू आहे. आई आज स्वतः उठून व्हरांड्यात बसली. पण हॅप्टोग्लोबिन अजून १० च्या खालीच आहे. याची भीती वाटतेय.

सह्यकडा

भावाचंही खूप दिवस खालीच होतं. तरी जी-सिक्स-पीडी एकदा करून टाका.

प्राजक्त_डॉ

सह्यकडा, आत्ता नको. रेटिक ११ असताना ते तुमच्या भावासारखंच खोटं नॉर्मल येऊ शकतं, आणि आईच्या चित्रात ते बसतही नाही.

हॅप्टोग्लोबिनची आत्ता चिंता नको. अजून पेशी मरताहेत, एलडीएच १२४० तेच सांगतंय. एलडीएच नॉर्मलला आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हॅप्टोग्लोबिन परत करा. तेव्हाही दहाच्या खाली राहिलं तर मेघना म्हणतेय ती शक्यता मी नव्याने तपासेन. काही लोकांत हॅप्टोग्लोबिन जन्मतःच नसतं, तेही लक्षात ठेवावं लागेल. आईला कधी संसर्ग किंवा सूज असेल त्या दिवसांत मात्र तपासू नका. त्या वेळी लिव्हर ते जास्त बनवतं, कमी असलेलं नॉर्मल दिसतं.

दुसरं म्हणजे, कारण निव्वळ आहार आणि मेटफॉर्मिन आहे की पर्निशियस ॲनिमिया, हे ठरायचंय. इंट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी पाठवली का? ती निघाली तर इंजेक्शनं आयुष्यभर लागतील.

कृष्णाकाठ

पाठवली आहे, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. आला की इथेच लिहिते.