अनुभव धागा : कथेत आधीच पेरलेली खूण तुम्हाला कधी सापडली?

लोकमान्यनगरकर

इंदूरला आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, पोहे-जिलबी झाली की एक कथा मोठ्यानं वाचायची. या वेळी मोपासांची १८८४ सालची हिऱ्यांच्या हाराची कथा होती. (शेवट सांगतोय, वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा.) कारकुनाची बायको एका मेजवानीसाठी श्रीमंत मैत्रिणीचा हार मागून आणते. तो हरवतो. नवरा-बायको ३६,००० फ्रँकचा तसाच हार घेऊन गुपचूप परत करतात आणि पुढची दहा वर्षं कर्ज फेडण्यात झिजतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

वाचून झाल्यावर एक काका चिडलेच. "ही फसवणूक आहे, आधी काहीच सांगितलं नाही!" मलाही तसंच वाटलं होतं. घरी येऊन पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली, तेव्हा कळलं की सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही. तुम्हाला असं कधी झालंय? खूण नेमकी कुठे सापडली, तेवढं लिहा.

सराफ्यातला

आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान आहे, म्हणून मला ही कथा पहिल्याच वाचनात संशयास्पद वाटली. हार हरवल्यावर ते दोघं डबीवर नाव असलेल्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या बघून म्हणतो, हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार. इथेच मी थांबलो. आमच्याकडेही लोक रिकामी डबी मागायला येतात. माल कुठला, ते आम्ही विचारत नाही. दुकानाच्या नावाच्या डबीत काय निघेल याचा भरवसा नसतो. खरा दागिना असेल तर तो ज्या दुकानातून घेतला त्याच दुकानाची डबी बहुधा सोबत असते. इथे डबी एकाची आणि हार भलत्याचाच!

पेन्सिलवाली

सराफभाऊ, तुमचा धंदा उपयोगी पडला. मी वीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, मला ते वाक्य तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. ते लपलंय कसं, हे बघण्यासारखं आहे. त्या क्षणी आपल्याला फक्त एकच घोर असतो, तसाच हार मिळणार का. जवाहिरा नाही म्हणाला की आपण त्यांच्याबरोबर पुढच्या दुकानात पळतो. नकार लक्षात राहतो, नकाराचं कारण विसरतं.

माझी एक सवय सांगते. प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे काढलं तर गोष्ट अडेल का? "ते दुकानं हिंडले" एवढ्यानं काम भागलं असतं. मग लेखकानं त्या माणसाला वह्या का चाळायला लावल्या? उत्तर मिळालं नाही तर समासात फुली मारायची आणि पुढे जायचं. शेवट कळल्यावर फुल्यांकडे परत यायचं. निम्म्या फुल्या वाया जातात, हेही सांगून ठेवते.

दुसरी फुली हार परत करतानाची. मैत्रीण जरा रागावते, लवकर द्यायला हवा होतास म्हणते, पण डबी उघडत नाही. आपल्याला वाटतं, सुटली बिचारी! तिला तर तीच भीती होती. त्या सुटकेच्या नादात आपण विचारतच नाही, की एवढ्या किमतीचा हार परत घेताना कोण उघडून बघत नाही?

नाट्यवेडा

नियम सोपा आहे. चेखव सांगून गेलाय, भिंतीवर बंदूक दाखवली तर ती उडालीच पाहिजे. कथेत जे दाखवलंय ते पुढे वापरलं जाणारच. तेवढं धरून चाला, सगळे शेवट ओळखता येतात.

लोकमान्यनगरकर

भाऊ, गंमत म्हणजे याच कथेत खरोखर बंदूक आहे. नवऱ्यानं शिकारीच्या बंदुकीसाठी ४०० फ्रँक साठवलेले असतात, ते तो बायकोच्या पोशाखाला देऊन टाकतो. बंदूक विकतही घेतली जात नाही, उडणं दूरच.

नाट्यवेडा

मग ती खूणच नाही, भरताड आहे.

पेन्सिलवाली

मला भरताड वाटत नाही. एका संध्याकाळच्या मिरवण्यासाठी तो आधी ४०० देतो, मग वडिलांचे १८,००० देतो आणि उरलेले कर्ज काढतो. बंदूक हा त्यातला पहिला हप्ता. शेवट काय होणार ते ती सांगत नाही, कोणत्या दिशेनं घसरण चाललीय ते सांगते. पण याला पूर्वसूचना म्हणावं की नुसतं स्वभावचित्रण, यावर आमच्याकडेही एकमत नाही.

सुदामानगरची सून

माझा अनुभव. सासरे आजारी पडायच्या आदल्या दिवशी दूध दोनदा उतू गेलं आणि देवापुढची समई विझली. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, काहीतरी होणार. संकेत मिळतातच, आपण लक्ष देत नाही.

लोकमान्यनगरकर

वहिनी, धागा कथांबद्दलचा आहे, पण राहू दे. आमच्याकडे दूध आठवड्यातून दोनदा उतू जातं आणि काहीच होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. आता सासरे बरे आहेत ना?

सुदामानगरची सून

हो, बरे आहेत. मॉर्निंग वॉकला जातात.

रंगप्रेमी

हाराची डबी काळ्या साटिनची आहे, हे कोणी कसं सांगितलं नाही? काळा रंग म्हणजे संकट, मृत्यू. प्रतीक उघड आहे.

सराफ्यातला

काळ्या कापडावर हिरा उठून दिसतो, आम्हीही गडद मखमलच घालतो. त्यात मृत्यू कुठून आला? प्रतीक बघायचंच तर रंगात नको, डबीत बघा. वरून भारी, आत काय ते कोणी पारखत नाही. बाईंचं सगळं दुखणं तेच आहे.

अर्धवट लेखिका

माझी फजिती लिहिते. जुन्या वाड्यावरच्या कथेत आजी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून पडते. आधी खूण हवी म्हणून मी लिहिलं, "चौथ्या पायरीकडे बघून आजी का कोण जाणे दचकली." वडिलांनी दुसऱ्याच पानावर विचारलं, "म्हातारी पडणार ना?" ते "का कोण जाणे" म्हणजे मी वाचकाला कोपरानं ढोसलंच होतं.

मग ते वाक्य काढलं. आता आजी सकाळी वरून ओरडते, "दूध झाकून ठेव, मांजर आलंय, पेपरवाल्याचे पैसे खिडकीत आहेत, आणि चौथी पायरी जपून." चार सूचनांमधली शेवटची. मैत्रिणीला वाचायला दिली तर तिच्या लक्षात मांजर राहिलं. शेवटी मात्र ती मागची पानं उलटून बघत बसली.

पेन्सिलवाली

छान जमलंय. फक्त शेवटची जागा नको, तिथे आवाज जास्त येतो. पायरी मांजर आणि पेपरवाल्याच्या मध्ये टाकून बघ.

जुना वाचक

मी ही कथा लहानपणी मुलांसाठीच्या संक्षिप्त पुस्तकात वाचली होती. त्यात जवाहिऱ्याचा प्रसंगच नव्हता आणि डबी न उघडण्याचं वाक्यही नव्हतं. शेवट तेवढा होता. त्यामुळे मला कित्येक वर्षं ही कथा लबाड वाटत आली. संक्षेप करणाऱ्याला ती वाक्यं अनावश्यक वाटली असणार. पेन्सिलवाली म्हणतात तशी, काढली तरी गोष्ट अडत नाहीच!

लोकमान्यनगरकर

हे त्या चिडलेल्या काकांना दाखवलं. ते अजून मानत नाहीत. म्हणतात, मैत्रीण श्रीमंत होती, विश्वास होता, म्हणून डबी उघडली नाही, यात खूण कसली? एकट्या त्या वाक्यापुरतं त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मागितल्याबरोबर ती बेधडक हार देते, जवाहिरा फक्त डबीच आपली म्हणतो आणि परत घेताना ती उघडतही नाही, हे तिन्ही एकाच बाजूला झुकतात. काका म्हणाले, पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन या, आपण ओळीवर बोट ठेवून वाचू.

सराफ्यातला

पोहे असतील तर मीही येतो. रिकामी डबी घेऊन येतो.