मदत हवी आहे : विहिरींच्या सर्वेक्षणातील दुबार बिंदू अंतराच्या मर्यादेने कसे ओळखावेत?

आमच्या तालुक्यातील विहिरी आणि बोअरवेल यांचे सुमारे 2,400 बिंदू चार जणांनी मोबाइलवर टिपले असून, गावांच्या शिवेवर एकच विहीर दोघांनी नोंदवल्याचे आढळते. बिंदू EPSG:32643 मध्ये आणले आहेत, त्यामुळे अंतर मीटरमध्येच मिळते. तंतोतंत सारखे बिंदू (बहुधा फॉर्म दोनदा पाठवला गेल्यामुळे आलेले) आधीच काढले आहेत. उरलेल्यांसाठी पोस्टजीआयएसमध्ये हे चालवले:

```sql
SELECT id, ST_ClusterDBSCAN(geom, 15, 2)
OVER () AS gat FROM vihiri;
```

अडचण साखळीची आहे. एका बांधालगत तीन बोअरवेल 12-12 मीटरवर आहेत. पहिली आणि तिसरी यांत 24 मीटर अंतर असूनही, मधल्या बोअरवेलमुळे तिन्ही एकाच गटात जातात, आणि प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या मालकांच्या आहेत. मर्यादा 8 मीटर केली, तर दाट आमराईतील एका विहिरीच्या दोन नोंदी, ज्यांत 13 मीटरचे अंतर पडले आहे, सुटून जातात. मालकाच्या नावावर विसंबता येत नाही, कारण तेच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे. प्रत्येक बिंदूची अचूकता मात्र नोंदलेली आहे (4 ते 14 मीटर), आणि फोटोही आहेत. पुन्हा शेतावर जाणे 40-50 ठिकाणांपुरतेच शक्य आहे.

सरसकट एकच मर्यादा न ठेवता, जोडीतील दोन्ही अचूकतांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्यावरून प्रत्येक जोडीची मर्यादा ठरवावी का, आणि तसे केल्यास गटातील प्रत्येक जोडी मर्यादेत असेल तरच गट धरला जावा, हे पोस्टजीआयएसमध्ये कसे लिहावे?