मदत हवी आहे: बॉबचे मागचे केस कापताना एक बाजू वर गेली

म्हापशेकरीण
आखूड बॉब आहे. मानेवर केस टोचायला लागले म्हणून दोन आरसे घेऊन घरीच कापायला बसले. उजवी बाजू वर गेली, मधोमध खाच पडली. चवथ परवावर आली. पटकन सांगा, सरळ कसं करू?

फोंडेकर
केस ओले होते की सुके? आरसे कुठे होते?

म्हापशेकरीण
न्हाऊन आले होते, ओलेच. कपाटाचा आरसा पाठीमागे, दुसरा हातात. आणखी कुठे असणार?

तिसवाडी
दोन आरशांत सगळं उलटं दिसतं. उजवीकडे जायचं तर हात डावीकडे न्यायचा.

कात्रीवाली
नाही हो. आरसे समोरासमोर असतील तर उजव्या कानाला हात लावून बघा, उजवीकडेच दिसेल. फसतो तो पुढे-मागेचा अंदाज. रोजच्या आरशात हात पुढे नेला की जवळ येताना दिसतो, इथे कात्री मानेकडे नेली की लांब जाताना दिसते. सवयीने हात चुकतो आणि टोक आत घुसतं. खाच तशीच पडली असणार.
बाय, हातातला आरसा कडेला धरला होतास का?

म्हापशेकरीण
कडेलाच, डाव्या हातात. उजव्यात कात्री. कंगवा धरायला तिसरा हात कुठून आणू?

कात्रीवाली
मग मान वळली. वळलेल्या मानेवर आडवी कापलेली रेघ मान सरळ केली की तिरपी होते. पुढचा आरसा खिळ्याला टांग, डोळ्यांच्या उंचीवर. दोन्ही हात मोकळे होतात.

शांतादुर्गेची लेक
माझेही पावसाळ्यात फार गळतात. मेथी भिजवून लावते.

म्हापशेकरीण
ताई, गळत नाहीत, मीच कापलेत.

मशीनवाला
मागून मशीन फिरवा, शून्यावर. मी दर पंधरवड्याला फिरवतो.

कात्रीवाली
भाऊ, तुमचं डोकं वेगळं. बॉबला मशीन लागतं ते फक्त कडेखालच्या लवेला. वर चढलं की आखूड पट्टा उठतो, तो लपत नाही.

फोंडेकर
पार्लरमध्ये ओलेच कापतात की!

कात्रीवाली
तिथे कंगव्याने ताणून धरायला दुसरं माणूस असतं. ओला केस लांब दिसतो, वाळला की वर जातो. केस सरळ आहेत का गं?

म्हापशेकरीण
लहरी. आणि पावसात तर विचारूच नका.

कात्रीवाली
मग आज काही कापू नकोस. पूर्ण वाळू दे. उद्या वरचे केस क्लिपने वर बांध, मान सरळ, हनुवटी किंचित खाली. छातीला टेकवलीस तर मागची रेघ फसते. डावीकडची लांब बाजू घे, कात्री उभी धर आणि टोकाने दोन-तीन मिलिमीटरच टिपत जा. दर दोन टिपण्यांनंतर मान वर करून बघ. खाचेपर्यंत सगळं वर न्यायचं नाही, बॉब संपेल. वरचे केस सोडले की खाच बरीच झाकते.

फोंडेकर
ओले कापूनही माझ्या बायकोचे सरळच येतात.

म्हापशेकरीण
वाळले. उजवी बाजू वाटली तेवढी वर नाही, अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असेल. खाच आहे तशीच. खिळा ठोकायला भिंत ओली आहे, आरसा खिडकीच्या गजाला बांधते.